सूर्याची जुनी ठेव

२०२४ च्या डिसेंबर महिन्यात चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था आणि गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व सागरी संशोधन केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराच्या तळाशी, सुमारे ४,५०० मीटर खोलीवर, एका जागत्या उष्णजल-विवराची छायाचित्रे घेतली. या विवरांविषयी लिहिण्याचा प्रसंग आला की एक वाक्य हटकून लिहिले जाते. ते असे की, या अथांग अंधारात गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंच्या आधाराने जी जीवसृष्टी नांदते ती सूर्यावर मुळीच अवलंबून नाही. पाठ्यपुस्तकांत, व्याख्यानांत आणि रविवारच्या पुरवण्यांत हे वाक्य इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याचा दाखला मागण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की, हे वाक्य निम्मे खरे असून निम्मे चूक आहे; आणि त्याचे खरे निम्मे इतके विलक्षण आहे की चुकीच्या निम्म्याला त्याच्या आडोशाने आजवर बिनबोभाट राहता आले.

वादाची आपली रीत अशी की पूर्वपक्ष प्रथम त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा. तो बळकट आहे यात शंका नाही. १९७७ च्या फेब्रुवारीत गालापागोस बेटांजवळ, पॅसिफिकच्या तळावरील भेगेची पाहणी करण्याकरिता जी मोहीम गेली, तीत भूशास्त्रज्ञ होते, रसायनशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता, कारण तेथे जीव असतील अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. जहाजामागून तळालगत ओढल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याने एका फेरीत सुमारे ३,००० छायाचित्रे टिपली. त्यांत बहुतेक ठिकाणी ओसाड काळा बसाल्ट होता. परंतु ज्या क्षणी पाण्याचे तापमान किंचित चढल्याची नोंद झाली, नेमक्या त्या क्षणाच्या १३ छायाचित्रांत पांढऱ्या शिंपल्यांची दाटी दिसली. पुढे 'अल्विन' या पाणबुडीतून माणसे सुमारे २,५०० मीटर खाली उतरली, तेव्हा खडकाच्या फटींतून कोमट, झिलमिलते पाणी वर येत होते आणि त्याच्याभोवती शिंपले, खेकडे आणि पांढऱ्या नळ्यांतून लाल तुरे बाहेर काढून डोलणारे मोठाले कृमी यांची वस्ती होती. वर आणलेल्या पाण्याला सडलेल्या अंड्याचा वास येत होता. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास होय. प्राणी टिकवून ठेवण्यास पुरेसे फॉर्मालिन जवळ नसल्यामुळे काही नमुने पनामात विकत घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले.

त्या नलिकाकृमीस पुढे 'रिफ्टिया' हे नाव मिळाले. तो दीड मीटर, प्रसंगी त्याहूनही लांब वाढतो. आणि पूर्ण वाढलेल्या कोणत्याही रिफ्टियास तोंड नाही, जठर नाही, आतडे नाही. मग तो खातो काय? या प्रश्नाचे उत्तर एका वर्गात मिळाले. स्मिथसोनियन संस्थेचे मेरेडिथ जोन्स हे १९८० साली हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यान देत असता त्यांनी सांगितले की, या कृमीच्या धडात एक मऊ, स्पंजासारखा अवयव असून त्यात गंधकाचे स्फटिक आढळतात. त्याबरोबर कोलीन कॅव्हनॉ ही पहिल्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी उभी राहिली आणि म्हणाली की, असे असेल तर त्या अवयवात गंधकाचे ज्वलन करणारे जीवाणू असलेच पाहिजेत. जोन्स यांनी तिला नमुना दिला, तिने तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या अवयवाच्या एकेका ग्रॅममध्ये अब्जावधी जीवाणू ठासून भरलेले होते. हे जीवाणू हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करतात, त्यातून मिळालेल्या ऊर्जेने कार्बन डायऑक्साइडपासून शर्करादी पदार्थ बनवितात, आणि कृमी त्यांच्यावर पोसला जातो. हिरव्या पानात जे काम प्रकाश करतो ते येथे गंधक करते.

इथपर्यंतचे सारे मला मान्य आहे. अन्नाचा पहिला कण येथे प्रकाशावाचून तयार होतो, वरच्या थरांतून झिरपत येणाऱ्या मृत कणांच्या भिक्षेवर ही वस्ती जगत नाही, आणि म्हणूनच भोवतालचे तळ ओसाड असता येथे मात्र जीवांची दाटी होते, यांपैकी एकाही विधानाला माझी हरकत नाही. माझी हरकत सुरू होते ती यापुढच्या उडीला. अन्न प्रकाशावाचून तयार होते यावरून ही सृष्टी सूर्यावाचून चालते असा जो निष्कर्ष काढला जातो, तो त्या विधानांतून निघत नाही. 'ऑक्सिडीकरण' हा शब्द आपण उच्चारला खरा, परंतु ते करण्यासाठी लागणारा ऑक्सिजन कोठून आला हे विचारावयाचे राहून गेले.

हा प्रश्न नवा नाही. गंधकजीवी जीवाणूंच्या शास्त्राचा पाया ज्याने घातला त्या सर्गेई विनोग्राड्स्कीच्या पहिल्याच प्रयोगात तो उभा होता. स्ट्रासबुर्ग येथे काम करीत असता त्याने गंधकी पाण्यात वाढणारे 'बेगियाटोआ' नावाचे पांढरे तंतू काचपट्टीवर घेतले. पाण्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तोवर त्या तंतूंच्या पेशींत गंधकाचे चकचकीत थेंब साठत जात. तो वायू संपला की थेंब एकेक करून विरत आणि पाण्यात सल्फेट उतरे. गंधक म्हणजे या जीवाचे जळण आहे हे त्याने यावरून ताडले आणि १८८७ साली प्रसिद्ध केले. परंतु त्याच तंतूंचे वागणे पाहणाऱ्यास आणखी एक गोष्ट दिसते. खालचा गाळ सल्फाइडने भरलेला असतो, वरच्या पाण्यात ऑक्सिजन असतो, आणि हे तंतू गाळात खोल शिरत नाहीत किंवा वरच्या पाण्यात मोकळे वाढत नाहीत. हे दोन वायू जेथे जेमतेम भेटतात त्या कागदासारख्या पातळ थरात ते आपली पांढरी चादर पसरतात. जळण जेथे विपुल आहे तेथे जीव राहत नाही आणि जळण व वारा यांच्या सीमेवर राहतो, ही साक्ष पुरेशी बोलकी आहे.

रिफ्टियाची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. त्याच्या अंतरंगातील जीवाणू धडात कोंडलेले असतात. त्यांना बाहेरच्या पाण्याचा स्पर्श नाही. त्यांच्यापर्यंत जे काही पोहोचवावयाचे ते कृमीने रक्तावाटे पोहोचवावे लागते. तो लाल तुरा लाल आहे तो त्यात हिमोग्लोबिन आहे म्हणून, आणि हे हिमोग्लोबिन आपल्या रक्तातल्यासारखे नाही. एकाच रेणूवर ऑक्सिजन एका जागी आणि सल्फाइड दुसऱ्या जागी, दोन्ही एकाच वेळी, एकमेकांशी झगडू न देता ते वाहून नेते. सल्फाइड मोकळे सुटले तर ते श्वसनाच्या मुख्य विकरालाच ठप्प करते; तुमच्याआमच्यासाठी ते सायनाइडच्या पंक्तीतले विष आहे. म्हणून कृमी ते बांधून नेतो आणि जीवाणूंच्या दारी सोडतो. फटीतून येणाऱ्या पाण्यात सल्फाइड असते पण ऑक्सिजन नसतो. भोवतालच्या थंड समुद्रात ऑक्सिजन असतो पण सल्फाइड नसते. आणि ही दोन पाणी एकत्र आली की त्यांतील वायू आपोआपही एकमेकांस संपवू लागतात. म्हणून तुरा या दोन पाण्यांच्या भोवऱ्यात धरून, कधी ह्यातून तर कधी त्यातून घोट घेत, कृमी दोन्ही हस्तगत करतो. ज्या प्राण्याच्या देहाची सारी घडण ऑक्सिजन आणि गंधक यांची गाठ घालून देण्यासाठी झालेली आहे, त्याच्याविषयी बोलताना गंधकाचा तेवढा उल्लेख करणे आणि ऑक्सिजन वगळणे म्हणजे साक्षीदाराचा निम्मा जबाबच दप्तरी लावण्यासारखे आहे.

आता त्या ऑक्सिजनचा माग काढू. विवरातून येणाऱ्या पाण्यात तो नाही हे वर आलेच. तापलेल्या खडकातून फिरताना ते पाणी आपला सारा ऑक्सिजन गमावून बसते. म्हणजे तो येतो तो भोवतालच्या समुद्रातून. पूर्व पॅसिफिकमध्ये त्या खोलीवर दर लिटर पाण्यात साधारणतः तीन ते चार मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तो तेथे निर्माण झालेला नाही. उत्तर अटलांटिकच्या टोकाशी आणि अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याभोवती पृष्ठभागावरचे पाणी गोठण्याच्या बेताला येऊन जड होते, हवेतला ऑक्सिजन पोटात घेऊन तळाकडे बुडते, आणि मग तळातळाने वाहत पॅसिफिकपर्यंत येते. या प्रवासाला शेकडो वर्षे, लांबच्या पल्ल्याला हजार वर्षांच्या आसपास काळ लागतो. आणि हवेत तो ऑक्सिजन कोठून आला? हिरव्या पानांनी, समुद्रावर तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांनी आणि त्यांच्याही आधी नीलहरित जीवाणूंनी सूर्यप्रकाशात पाणी फोडून तो बाहेर टाकला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीच्या हवेत तो नाममात्रही नव्हता. गालापागोसच्या भेगेवर आज जो कृमी आपला तुरा हलवीत आहे तो शिवकालाच्याही पूर्वी कधी तरी एखाद्या पानाने टाकलेला श्वास वापरीत आहे. सूर्याने ठेवलेल्या जुन्या ठेवीतून ही वस्ती रोज उचल करीत असते. ठेव ठेवणारा दिसत नाही म्हणून खाते त्याचे नाही असे कोणत्या हिशेबाने म्हणावे?

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, ऑक्सिजन हे काही अन्न नव्हे आणि ऊर्जेचा साठाही नव्हे. ऊर्जा आहे ती पृथ्वीच्या पोटातून आलेल्या सल्फाइडमध्ये, ऑक्सिजन हे नुसते साहाय्य. हा आक्षेप वरवर समंजस दिसतो, म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे. चुलीत वाळलेले लाकूड कितीही रचले आणि वाऱ्याची वाट बंद केली तर ती धुमसून विझते, हे फुंकणी हाती धरलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. उष्णता लाकडात 'असते' असे म्हणणे ही बोलण्याची सोय आहे. ती असते लाकूड आणि हवा यांच्या जोडीत. सल्फाइडच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच काटेकोरपणे खरी ठरते. सल्फाइडचा एक रेणू सल्फेटमध्ये बदलताना आठ इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, आणि ते घेणारा कोणीतरी असावा लागतो. घेणारा ऑक्सिजन असेल तर प्रमाण परिस्थितीत एका मोलमागे ८०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा मोकळी होते. आता सूर्याच्या कमाईतला ऑक्सिजन बाजूला ठेवा आणि पृथ्वीच्या पोटातून विपुल निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच्या जागी घेणारा म्हणून उभा करा. हिशेब मांडला तर ऊर्जा मिळण्याऐवजी थोडी पदरचीच घालावी लागते. म्हणजे ऑक्सिजन नसेल तर जे सल्फाइड आपण जळण म्हणून गौरवितो ते त्या पाण्यातले एक विषारी, निरुपयोगी द्रव्य होऊन राहते. ज्याच्या अभावी जळण हे जळणच उरत नाही त्याला नुसते साहाय्य म्हणणे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक जाणकारांचा आहे. ते म्हणतात की, गंधकजीवी जीवाणूंपैकी कित्येकांना ऑक्सिजनची गरजच पडत नाही. ते त्याच्या जागी नायट्रेट वापरतात. वस्तुस्थिती बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. समुद्रातील नायट्रेट हे बहुतांशी अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या दुसऱ्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेले असते, आणि त्या कामी त्यांनी ऑक्सिजनच खर्ची घातलेला असतो. नायट्रेट ही त्याच ठेवीवर लिहिलेली हुंडी आहे. ती वटविणाऱ्याच्या हाती रोख रक्कम दिसली नाही एवढ्यावरून रक्कम दुसऱ्या पेढीतली ठरत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी मोकळेपणाने मान्य करतो. विवरांच्या परिसरात असे जीव आहेत की ज्यांना सूर्याचे खरोखरच काही देणे नाही. पूर्व पॅसिफिकमधील २१ अंश उत्तर अक्षांशावरच्या विवराजवळून, सुमारे २,६०० मीटर खोलीवरून मिळविलेल्या नमुन्यातून १९८३ साली एका सूक्ष्मजीवाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि होल्गर यानाश या सागरी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ त्यास त्यांचे नाव देण्यात आले. आज त्याला 'मिथेनोकॅल्डोकॉकस यानाशी' म्हणतात. तो ८५ अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम वाढतो, खडक आणि पाणी यांच्या क्रियेतून निघालेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला देऊन मिथेन बनवितो, आणि त्यावर आपला सारा संसार चालवितो. ऑक्सिजन त्याला लागत तर नाहीच, उलट तो त्याला मारतो. स्वातंत्र्याचा खरा मानकरी हा आहे.

पण मग या मानकऱ्याच्या मिळकतीकडेही पाहावे. मिथेनचा एक रेणू बनविताना याही व्यवहारात आठच इलेक्ट्रॉन हात बदलतात. मिळकत मात्र प्रमाण परिस्थितीत सुमारे १३० किलोज्यूल, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांच्या व्यवहाराच्या सहाव्या हिश्श्याइतकी. आणि प्रत्यक्ष विवराजवळ वायूंचे प्रमाण बदलेल तशी तीही कमीजास्त होते. एवढ्याशा उत्पन्नावर एकपेशीय जीवाचे भागते. वर्षाकाठी ८५ सेंटीमीटरांहून अधिक वाढणारा कृमी, त्याच्या तुऱ्याचे लचके तोडणारे खेकडे, ओळीने मांडलेले शिंपले, हा सारा पसारा त्यावर उभा राहत नाही. शिवाय त्या प्रत्येक प्राण्याला जीवाणूंच्या गरजेखेरीज स्वतःच्या स्नायूंसाठी श्वास घ्यावा लागतो तो वेगळाच. रिफ्टिया काही काळ ऑक्सिजनवाचून तग धरू शकतो, परंतु तग धरणे निराळे आणि वाढणे निराळे. तेव्हा जे जीव सूर्यापासून सर्वस्वी मुक्त आहेत ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि ज्यांची छायाचित्रे त्या वाक्याशेजारी छापली जातात ते मुक्त नाहीत. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावे दाखल केला गेला आहे. संबंध गैरसमजाचे मूळ येथे आहे.

माझ्या या म्हणण्याचा कोणी दुसऱ्या टोकाचा अर्थ करू नये. जर ऑक्सिजन सूर्याचाच, तर विवरांवरची जीवसृष्टीही शेतातल्या ज्वारीसारखीच सूर्यपोषित झाली आणि १९७७ साली नवे असे काही सापडलेच नाही, असे म्हणणारेही आढळतात. तेही चूक आहे. ज्वारीचे शेत सूर्याच्या आजच्या कमाईवर जगते; आठवडाभर आभाळ दाटून राहिले तर ते तिच्या पानांवर दिसते. विवरावरच्या वस्तीला आजच्या सूर्याची खबरही नसते. तिची ठेव शतकांपूर्वीची आहे, आणि सूर्य उद्या मावळला तो परत उगवलाच नाही, तरी त्या खोल पाण्यातला ऑक्सिजन एका रात्रीत संपणार नाही. तो सावकाश, दीर्घकाळाने खर्ची पडेल. शिवाय त्या व्यवहारातला दुसरा भागीदार, सल्फाइड, हा बसाल्टातून आणि पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेतून आलेला आहे. त्यावर सूर्याचा हक्क सांगता येत नाही. दोन भांडवलांची ही भागीदारी आहे: एक भांडवल भूगर्भाचे, एक आकाशाचे. दोघांपैकी कोणाही एकाचे नाव पाटीवरून पुसणे हा दुसऱ्याचा गौरव होत नाही.

ही चर्चा नुसत्या शब्दांची आहे असे ज्यांना वाटत असेल त्यांनी शनीच्या एन्सेलाडस या उपग्रहाकडे पाहावे. त्याच्या बर्फाखालील समुद्रातून उडणाऱ्या फवाऱ्यांत हायड्रोजन असल्याचे कॅसिनी यानाच्या निरीक्षणांवरून २०१७ साली जाहीर झाले, आणि लगोलग त्या समुद्राच्या तळाशी नलिकाकृमींची कल्पनाचित्रे रंगू लागली. पृथ्वीवरील विवरे सूर्यावाचून चालतात हे गृहीत धरले की ही कल्पना सहज सुचते. परंतु हायड्रोजन सापडला यावरून आशा करावयाची तर ती मिथेन बनविणाऱ्या सूक्ष्मजीवाची. लाल तुऱ्याच्या प्राण्याची आशा करण्यापूर्वी, तेथे हिरव्या पानांवाचून ऑक्सिजन कोणी आणि किती पुरविला याचा जबाब दिला पाहिजे. आपण काय शोधावयास निघालो आहोत हेच मुळी त्या एका वाक्याच्या अचूकपणावर ठरते.

म्हणून पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांना, शिक्षकांना आणि विज्ञानलेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी ते वाक्य यापुढे असे लिहावे: समुद्रतळावरील उष्णजल-विवरांपाशी जीवाणू सूर्यप्रकाशावाचून अन्न तयार करतात, परंतु त्यासाठी ते जो ऑक्सिजन वापरतात तो वरच्या जगातील वनस्पतींनी आणि शैवालांनी सूर्यप्रकाशात तयार केलेला असतो. हे वाक्य जुन्या वाक्याहून एका ओळीने लांब आहे. वर्गात ते ऐकणारा विद्यार्थी, तो ऑक्सिजन अडीच हजार मीटर खाली पोहोचतो कसा, असा प्रश्न विचारील; जुने वाक्य ऐकून त्याला तो कधी सुचला नसता.